छळामुळे नोकरी सोडताना राजीनाम्यात काय लिहावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजीनाम्यात "वैयक्तिक कारणास्तव" लिहून मोकळं व्हावं का?

नोकरी सोडून विषय कायमचा संपवायचा असेल आणि पुढे कुठलीही तक्रार, दावा किंवा चौकशी नको असेल, तर तसं लिहायला हरकत नाही. राजीनाम्यात कारण देणं बहुतेक ठिकाणी बंधनकारक नसतं. पण पुढे तक्रार करायची शक्यता दहा टक्के जरी वाटत असेल, तरी हे दोन शब्द टाळा. सहा महिन्यांनी तुम्ही "मला नाइलाजाने सोडावं लागलं" असं म्हणाल, तेव्हा समोरचा पक्ष पहिला कागद काढेल तो तुमच्या सहीचा राजीनामा. त्यात "वैयक्तिक कारण" लिहिलेलं असेल, तर तुमचं आजचं म्हणणं आणि तेव्हाचं लेखन यांतली विसंगती आधी तुम्हालाच समजावून सांगत बसावी लागेल.

"चांगली संधी मिळाल्यामुळे" हे तर त्याहून वाईट. "वैयक्तिक" हा निदान मोघम शब्द आहे. "चांगली संधी" हे सरळ वेगळंच कारण झालं.

कारण लिहायचं धाडस होत नसेल, तर तिसरा मार्ग आहे: कारण लिहूच नका. "मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे, माझा शेवटचा कार्यदिवस अमुक" एवढंच लिहा. न लिहिलेलं कारण नंतर सांगता येतं, पण चुकीचं लिहिलेलं कारण खोडणं अवघड जातं.

कारण लिहायचं, पण आरोप करायचा नाही. म्हणजे नेमकं काय करायचं?

राजीनामा आणि तक्रार ही दोन वेगळी कागदपत्रं आहेत, इथून सुरुवात करा. घडलेल्या घटना, कोण काय बोललं, साक्षीदार कोण, पुरावा कुठे आहे हे सगळं तक्रारीत जातं. राजीनाम्यात त्या तक्रारीचा फक्त पत्ता द्यायचा: कोणत्या तारखेला, कोणाला, कोणत्या विषयाचं पत्र दिलं, त्याला काय उत्तर आलं किंवा आलं नाही, आणि म्हणून आज मी काय ठरवलं.

वाक्य तपासायची एक साधी कसोटी आहे. या वाक्यातली प्रत्येक गोष्ट एखाद्या कागदावर बोट ठेवून दाखवता येते का? "मी 12 फेब्रुवारीला लेखी तक्रार दिली" यावर बोट ठेवता येतं, तो ईमेल आहे. "कंपनीने मुद्दाम दुर्लक्ष केलं" यावर ठेवता येत नाही, कारण "मुद्दाम" हा समोरच्याच्या मनाबद्दलचा तुमचा अंदाज आहे. तो अंदाज बरोबरही असेल, पण पत्रात तोच सर्वांत कच्चा दुवा ठरतो. "आजपर्यंत मला चौकशीची तारीख किंवा निष्कर्ष कळवण्यात आलेला नाही" असं लिहिलं की तेच सांगून होतं आणि ते खोडायला त्यांना स्वतःचा कागद दाखवावा लागतो.

म्हणून विशेषणं आणि क्रियाविशेषणं आधी काढा: सतत, नेहमी, मुद्दाम, अमानुष, विकृत, सूडबुद्धीने. "सतत" ऐवजी आकडा लिहा. आकडा माहीत नसेल, तर ते वाक्य राजीनाम्यात नकोच.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊन दाखवाल का?

एक कल्पित प्रसंग घेऊ. एका कर्मचारी महिलेला तिचा टीम लीडर 20 जानेवारी 2025 पासून रात्री उशिरा कामाशी संबंध नसलेले वैयक्तिक मेसेज पाठवतो. ती "कृपया फक्त कामाबद्दल लिहा" असं उत्तर देते. नंतर तिला दोन ग्राहकांच्या कामातून काढलं जातं. 12 फेब्रुवारीला ती एचआरला ईमेल करते. शेवटचा मेसेज 26 फेब्रुवारीला येतो. 3 मार्चला ती स्मरणपत्र पाठवते. 4 मार्चला "आम्ही यात लक्ष घालतो" असं एका ओळीचं उत्तर येतं. पुढे काहीच होत नाही. 2 एप्रिलला ती राजीनामा द्यायला बसते आणि पहिला मसुदा असा उतरतो:

> "गेले कित्येक महिने माझा लीडर मला सतत त्रास देत आहे. त्याची नजरच वाईट आहे हे सगळ्या टीमला माहीत आहे. मी नकार दिला म्हणून सूड उगवायला त्याने माझं काम काढून घेतलं. एचआर त्याला पाठीशी घालत आहे. अशा घाणेरड्या वातावरणात मी एक दिवसही काम करू शकत नाही, म्हणून मी राजीनामा देत आहे."

यातला राग रास्त आहे. अडचण वाक्यांची आहे. "कित्येक महिने" म्हटलंय, पण पहिल्या मेसेजपासून राजीनाम्यापर्यंत अडीच महिनेसुद्धा पूर्ण झालेले नाहीत. ही एक अतिशयोक्ती सापडली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका घेतली जाते. "सगळ्या टीमला माहीत आहे" म्हटल्यावर टीममधल्या आठ जणांना विचारलं जाईल आणि नोकरी टिकवायची असलेले आठही जण "आम्हाला काही माहीत नाही" म्हणतील. "सूड उगवायला" आणि "पाठीशी घालत आहे" हे हेतूंवरचे आरोप आहेत. "एक दिवसही" असं लिहून तिने पुढचे तीस दिवस नोटिस भरली, तर तेही तिच्याच विरुद्ध वापरलं जाईल. आणि या सगळ्या पत्रात तिच्या हातातला सर्वांत भक्कम पुरावा, म्हणजे 12 फेब्रुवारीचा ईमेल, आलेलाच नाही.

तेच पत्र असं लिहिता येतं:

> दिनांक: 2 एप्रिल 2025
> प्रति: एचआर प्रमुख
> विषय: राजीनामा
>
> महोदय/महोदया,
>
> मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रातील 30 दिवसांच्या नोटिस कालावधीनुसार माझा शेवटचा कार्यदिवस 2 मे 2025 असेल.
>
> मी 12 फेब्रुवारी 2025 रोजी एचआर विभागाकडे ईमेलद्वारे लेखी तक्रार दिली होती आणि 3 मार्च 2025 रोजी स्मरणपत्र पाठवले होते. 4 मार्च रोजी मला पोच मिळाली. आजपर्यंत मला चौकशीची तारीख किंवा निष्कर्ष कळवण्यात आलेला नाही. त्या तक्रारीत नमूद केलेली परिस्थिती हे माझ्या राजीनाम्याचे कारण आहे.
>
> हा राजीनामा म्हणजे ती तक्रार मागे घेणे नव्हे. तिच्या चौकशीसाठी मी नोटिस कालावधीत आणि त्यानंतरही उपलब्ध राहीन. त्यासाठी माझा वैयक्तिक ईमेल खाली दिला आहे.
>
> कामाचे हस्तांतरण मी 25 एप्रिलपर्यंत पूर्ण करेन. या पत्राची लेखी पोच द्यावी, ही विनंती.

पत्रात टीम लीडरचं नाव नाही, त्याने काय लिहिलं ते नाही, "छळ" हा शब्दसुद्धा नाही. तरीही हे पत्र वाचणाऱ्याला 12 फेब्रुवारीचा ईमेल उघडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. "त्या तक्रारीत नमूद केलेली परिस्थिती" हे शब्द पुलासारखे आहेत. त्यांच्यामुळे सविस्तर तक्रार राजीनाम्याला जोडली जाते, पण राजीनामा स्वतः आरोपपत्र होत नाही.

"मागे घेणे नव्हे" हे वाक्य गाळू नका. माणूस गेला की फाइल बंद करायची, ही सवय अनेक ठिकाणी आहे. तक्रारदार निघून गेला म्हणून विषय संपला, असं कोणी म्हणालं, तर हे वाक्य त्याला आडवं येतं.

मी आधी लेखी तक्रार केलीच नाही. मग राजीनाम्यात कशाचा संदर्भ देऊ?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न आहे. उत्तर असं की आधी तक्रार द्या आणि मग राजीनामा द्या, मधे दोनच दिवस असले तरी चालेल. शक्य असेल तर आठवडाभर थांबा, म्हणजे उत्तर द्यायला संधी दिली होती हेही नोंदलं जातं. तक्रार लांबलचक हवी असं नाही. तारखेनुसार तीन-चार घटना, प्रत्येकी दोन-तीन ओळी आणि शेवटी तुमची मागणी: चौकशी, बदली, किंवा त्या व्यक्तीच्या हाताखालून काढणं.

तोंडी सांगितलं असेल, तर तेही वाया गेलेलं नाही. ज्यांना सांगितलं त्यांना एक साधा ईमेल करा: "10 मार्चला आपल्या केबिनमध्ये झालेल्या बोलण्यात मी अमुक दोन प्रसंगांबद्दल सांगितले होते. आपण संबंधितांशी बोलतो म्हणालात. त्याचे पुढे काय झाले, कळवावे." उत्तर आलं तरी नोंद होते, न आलं तरी होते. बोलणं होऊन दोन महिने झाले असतील, तर ईमेलमध्ये तो काळ लपवू नका. मागची तारीख टाकून कागद तयार करणं तर कधीच नको. फाइल कधी बनली हे संगणक सांगतो आणि एक खोटी तारीख खरी तक्रार बुडवते.

काही वेळा थांबणंच शक्य नसतं. सुरक्षिततेचा प्रश्न असेल, तर राजीनामा आधी द्या आणि त्यात एवढंच लिहा: "राजीनाम्याच्या कारणांबाबत मी स्वतंत्र लेखी निवेदन देत आहे." मग ते निवेदन खरोखर द्या, शक्यतो त्याच आठवड्यात. दिलं नाही, तर हे वाक्य पोकळ धमकीसारखं दिसतं.

त्या व्यक्तीचं नाव राजीनाम्यात लिहावं का? आणि पत्र कोणाकोणाला पाठवावं?

नाव तक्रारीत हवंच, नावाशिवाय चौकशी होत नाही. राजीनाम्यात नको. राजीनामा किती हातांतून जाईल यावर तुमचा ताबा नसतो. पगार विभाग, आयटी, प्रशासन, कधी बाहेरची एजन्सी, सगळे तो पाहतात.

पाठवायचं तर ज्यांना राजीनामा स्वीकारायचा आणि तक्रारीवर कारवाई करायचा अधिकार आहे त्यांनाच. संपूर्ण टीमला, ग्राहकांना किंवा सोशल मीडियावर नाही. याला केवळ शिष्टाचाराचं कारण नाही. भारतीय कायद्यात बदनामीच्या व्याख्येला जे अपवाद जोडलेले आहेत, त्यांतला एक असा की त्या विषयात कायदेशीर अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेला आरोप ही बदनामी नव्हे. तीच गोष्ट ज्यांचा काही संबंध नाही अशा चाळीस जणांना पाठवली की ते संरक्षण उरत नाही. शिवाय लैंगिक छळाच्या तक्रारीतला मजकूर आणि संबंधितांची ओळख जाहीर करायला कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाबाबतच्या 2013 च्या कायद्यानेच मनाई केली आहे.

नेहमीप्रमाणे राजीनामा ज्याच्याकडे द्यायचा तोच त्रास देणारा असेल, तर त्याच्या वरच्या अधिकाऱ्याला आणि एचआरला द्या. कारण सांगत बसायची गरज नाही.

रोजच्या घटनांची नोंद कशी ठेवावी?

प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, ठिकाण, नेमके शब्द, कोण हजर होतं आणि त्यानंतर तुम्ही काय केलं, एवढं हवं. शब्द आठवतात तसेच अवतरणात लिहा आणि जे आठवत नाही तिथे "नेमके शब्द आठवत नाहीत" असंच लिहा. अशी कबुली असलेली नोंद जास्त विश्वासार्ह वाटते, कारण खोट्या नोंदीत सगळं लख्ख आठवत असतं.

नोंद त्याच दिवशी करा. चार महिन्यांचं एकदम, एकाच शाईने, एका बैठकीत लिहिलं की ते ओळखू येतं. तसं करावंच लागलं, तर वर लिहा: "ही नोंद 30 मार्चला आठवणीतून केली आहे." स्वतःच्या वैयक्तिक ईमेलवर स्वतःलाच रोज दोन ओळी पाठवणं हा सोपा उपाय आहे. तारीख आपोआप लागते आणि नंतर बदलता येत नाही.

तुमच्या भावनांना वेगळी ओळ द्या. "मला रात्रभर झोप लागली नाही, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले" हीसुद्धा घटना आहे आणि महत्त्वाची आहे. फक्त ती "त्याने काय केलं" या ओळीत मिसळू नका.

मेसेजचे स्क्रीनशॉट घेताना पाठवणाऱ्याचं नाव किंवा नंबर, तारीख आणि तुमचं उत्तर, तिन्ही दिसायला हवं. फक्त त्याचाच मजकूर कापून घेतला, तर "आधीचं संभाषण दाखवा" असा प्रश्न येतो. मूळ संभाषण फोनमधून पुसू नका, फोन बदलला तरी जुना विकू नका.

ऑफिसच्या ईमेलमधले पुरावे स्वतःच्या ईमेलवर पाठवू का?

इथे अनेक जण फसतात. राजीनामा दिल्याच्या दिवशी खातं बंद होऊ शकतं, म्हणून घाईघाईत सगळा इनबॉक्स फॉरवर्ड केला जातो. त्यात ग्राहकांची माहिती, दरपत्रकं, कोणाचे पगार असं काही गेलं, की गोपनीयतेच्या भंगाची नोटिस तुमच्याच हातात येते आणि तक्रारीचा विषय बाजूला पडतो.

त्याऐवजी तक्रार लिहितानाच ऑफिसच्या ईमेलवरून एचआरला पाठवा आणि प्रतीत स्वतःचा वैयक्तिक पत्ता ठेवा. ते तुमचं स्वतःचं पत्र आहे, त्यात व्यवसायाची माहिती नाही. बाकी ईमेलचा पाठवणारा, तारीख, वेळ आणि विषयाची ओळ तेवढी स्वतःच्या नोंदवहीत उतरवून घ्या. तक्रारीत एक वाक्य घाला: "या विषयाशी संबंधित 20 जानेवारी 2025 पासूनचे ईमेल आणि चॅट जतन करून ठेवावेत." ते नष्ट झाले, तर जबाबदारी कोणाची हे मग त्या वाक्यावरून ठरतं.

पोर्टलवर राजीनामा देताना कारणाची यादीच येते. त्यात "छळ" हा पर्याय नाही.

"इतर" निवडा. तेही नसेल, तर त्यातल्या त्यात मोघम पर्याय निवडा आणि शेरा लिहायची चौकट असेल तर तिथे लिहा: "कारण 2 एप्रिलच्या पत्रात नमूद केले आहे." मग तेच ईमेलनेही कळवा: "पोर्टलवर योग्य पर्याय उपलब्ध नसल्याने 'इतर' निवडले आहे. पत्रातील कारण ग्राह्य धरावे." सबमिट करण्याआधी त्या पडद्याचा फोटो घ्या. पोर्टलवरचा मजकूर नंतर कोण बदलू शकतं, हे तुम्हाला कधीच कळत नाही.

एक्झिट इंटरव्ह्यूलाही हेच लागू आहे. तिथे समोरचा माणूस टिपून घेतो, तुम्ही नाही. म्हणून बाहेर आल्यावर त्याच दिवशी "आजच्या चर्चेत मी पुढील मुद्दे मांडले" असा चार ओळींचा ईमेल करा.

स्वीकृतीच्या पत्रात कंपनीने "आपण वैयक्तिक कारणास्तव राजीनामा दिला" असं लिहिलं. काय करू?

गप्प बसू नका, एक-दोन दिवसांत उत्तर द्या. वाद नको, फक्त दुरुस्ती: "आपल्या 5 एप्रिलच्या पत्रात राजीनाम्याचे कारण वैयक्तिक असे नमूद आहे. माझ्या 2 एप्रिलच्या पत्रात दिलेले कारण वेगळे आहे. नोंदीत तशी दुरुस्ती करावी." एवढं पुरे. ते दुरुस्ती करणार नाहीत, हे गृहीत धरा. उद्देश इतकाच की त्यांच्या चुकीच्या ओळीला तुमची मूक संमती होती, असं पुढे कोणी म्हणू नये.

पत्र बदलून द्या, नाहीतर रिलिव्हिंग लेटर मिळणार नाही, असं एचआर म्हणतं.

तोंडी सांगितलं जाईल, लेखी कोणी देणार नाही. म्हणून पहिली पायरी तीच: "आज सकाळी 11 वाजता फोनवर आपण राजीनाम्याचा मजकूर बदलण्यास सांगितलेत. कोणता मजकूर आणि का, हे लेखी कळवावे." बरेचदा विषय इथेच मावळतो.

तरीही दबाव राहिला आणि पुढच्या नोकरीसाठी तो कागद अडलेलाच असेल, तर कारणाचा परिच्छेद काढून बिनकारणाचं पत्र देणं ही पोटासाठी केलेली तडजोड आहे आणि ती समजण्यासारखी आहे. पण तिथेही "वैयक्तिक कारण" लिहू नका आणि पहिलं पत्र मागे घेतल्याचं लिहून देऊ नका. नव्या पत्राबरोबरच्या ईमेलमध्ये "आपल्या विनंतीनुसार सुधारित पत्र जोडत आहे" हे शब्द राहू द्या. पहिलं पत्र होतं आणि ते कोणाच्या सांगण्यावरून बदललं, हे त्या एका ओळीत टिकतं.

हिशेब चुकता करताना आलेल्या कागदावर सही करावी का?

आधी पूर्ण वाचा. "माझी कंपनीविरुद्ध कोणतीही तक्रार किंवा दावा शिल्लक नाही" अशा अर्थाचं वाक्य साधारण शेवटच्या परिच्छेदात असतं. पैसे मिळाल्याची पोच आणि हक्क सोडल्याची कबुली या दोन गोष्टी आहेत आणि एकाच सहीत त्या दोन्ही घेतल्या जातात. फक्त रकमेच्या पोचेचा कागद मागा. तो नाकारला, तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. या सगळ्या प्रकरणात एकदाच वकिलाची फी द्यायची असेल, तर ती इथे द्यावी.

नोटिस न भरता ताबडतोब निघता येईल का?

करारात काय आहे त्यावर आधी अवलंबून. बहुतेक करारांत नोटिसऐवजी पगार भरायची सोय असते. काही देशांत कायदा याहून पुढे जातो. ब्रिटनच्या 1996 च्या कायद्यानुसार, मालकाच्या वागण्यामुळे नोटिस न देता निघायचा हक्क निर्माण झाला असेल, तर तो राजीनामा बडतर्फीसारखा धरला जाऊ शकतो, मग कर्मचारी नोटिस देऊन गेला असो वा न देता. पण तिथेही घटनेनंतर फार काळ रेंगाळलं, की ती परिस्थिती मान्य केली असा अर्थ लावला जातो.

पत्रात "आजपासून कामावर येणार नाही" एवढंच नको. मधला मार्ग सुचवा: "नोटिस कालावधीत मला संबंधित व्यक्तीच्या अधिकाराबाहेर काम द्यावे, घरून काम करू द्यावे किंवा कालावधी माफ करावा." तीन पर्याय दिले आणि तिन्ही नाकारले गेले, तर तोही एक कागदच.

आभार मानावेत का?

एक ओळ, तीही खरी असेल तरच. "सहकाऱ्यांकडून कामात मिळालेल्या मदतीबद्दल आभारी आहे" यात अडचण नाही. "इथलं वातावरण अतिशय चांगलं होतं, खूप शिकायला मिळालं" हे इंटरनेटवरच्या नमुन्यातून उचललेलं वाक्य मात्र वरच्या परिच्छेदाला खोटं पाडतं.

राजीनामा दिल्यावर तक्रार करता येते का? किती दिवसांत?

येते, पण मुदतीचं भान हवं. भारतात कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाबाबतचा 2013 चा कायदा "नोकरीत असो वा नसो" अशा कोणत्याही वयाच्या महिलेला तक्रारीचा हक्क देतो. घटनेपासून, आणि घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार द्यायची असते. सबळ कारण असेल, तर समिती ते नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. वरच्या उदाहरणात शेवटचा मेसेज 26 फेब्रुवारीचा आहे, म्हणजे घड्याळ 26 मेपर्यंत चालतं. राजीनाम्याच्या किंवा शेवटच्या कार्यदिवसापासून मोजलं, तर हिशेब चुकतो. एचआरला केलेला ईमेल म्हणजे समितीकडे केलेली तक्रार असं धरून बसू नका, समितीला उद्देशून स्वतंत्र पत्र द्या. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. हा कायदा महिलांच्या लैंगिक छळापुरताच आहे. आरडाओरडा, अपमान, जाणूनबुजून कामाचा भार टाकणं, किंवा पुरुष कर्मचाऱ्याचा छळ यासाठी कंपनीची स्वतःची तक्रार-पद्धत आणि इतर कायदे पाहावे लागतात.

अमेरिकेत समान रोजगार संधी आयोगाकडे जायची मुदत साधारण 180 दिवस आहे आणि त्या राज्यात तसाच कायदा राबवणारी यंत्रणा असेल तर 300 दिवस. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये असं ठरवलं की नाइलाजाच्या राजीनाम्याच्या दाव्यात मुदत कर्मचाऱ्याने राजीनाम्याची सूचना दिली त्या दिवसापासून मोजायची, शेवटच्या कार्यदिवसापासून नाही. म्हणजे पत्रावरची तारीख हीच तिथे घड्याळाची सुरुवात. देश कोणताही असो, राजीनामा लिहायच्या आधी आपल्याला लागू असलेली मुदत शोधा आणि कॅलेंडरवर टाका.

पुढच्या मुलाखतीत "का सोडलं?" विचारलं तर?

पत्राशी विसंगत काही बोलू नका, तपशीलही देऊ नका. "तिथल्या कामाच्या परिस्थितीबाबत मी लेखी विषय मांडला होता, तो सुटला नाही म्हणून सोडलं" इतकं सांगून थेट कामाच्या अनुभवाकडे वळा. फोन करून चौकशी करायला जुन्या ऑफिसमधलं नाव द्यायचं असेल, तर त्या वरिष्ठांना आधी विचारा, आणि शक्यतो ज्यांचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता असेच निवडा.